कार्यालयातील रक्तदान शिबिराचे निमंत्रण आणि व्यवस्थेची सूचना : मसुदा तपासून हवा आहे

मृणालिनी

नमस्कार. मी आमच्या आस्थापनेच्या प्रशासन विभागात काम करते. पुढच्या महिन्यात कार्यालयात रक्तदान शिबिर घ्यायचे ठरले असून निमंत्रण आणि व्यवस्थेची सूचना एकाच कागदावर काढण्याचे काम माझ्याकडे आले आहे. इच्छुकांची यादी आधीच फिरवली आहे आणि तीत ११० नावे आली आहेत. रक्तपेढीने ५ खाटा, एक डॉक्टर आणि चार कर्मचारी पाठवण्याचे मान्य केले आहे. जुन्या फाइलमधील सूचनेवरून मी पुढील मसुदा तयार केला आहे :

«सर्व अधिकारी व कर्मचारी यांना कळविण्यात येते की, तिसऱ्या मजल्यावरील सभागृहात सकाळी १० ते दुपारी १ या वेळेत रक्तदान शिबिर आयोजित करण्यात आले आहे. प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या विभागातून किमान १० रक्तदाते उपस्थित राहतील याची दक्षता घ्यावी. रक्तदात्यांनी शक्यतो सकाळी काहीही न खाता यावे. रक्तदान करणाऱ्यांस प्रमाणपत्र, स्मृतिचिन्ह आणि अर्ध्या दिवसाची सवलत देण्यात येईल. रक्तदान न करता परतणाऱ्यांनी त्याचे कारण विभागप्रमुखास कळवावे.»

यात काही राहिले असल्यास किंवा चुकले असल्यास कृपया सांगावे. परवापर्यंत सूचना फलकावर लावायची आहे.

दत्ताकाका

मृणालिनीताई, मसुदा नेटका आहे. मी प्रशासनात ३१ वर्षे काढली आणि अशी निदान दहा-बारा शिबिरे घेतली. एकच सुधारणा सुचवतो. विभागवार उद्दिष्ट दिले आहे, ते उत्तमच, पण त्याखाली विभागप्रमुखाची सही घ्या, म्हणजे आकडा गाठला जातो. उपाशीपोटी येण्याची अट योग्य आहे, कारण रक्ताची तपासणी नेहमी उपाशीपोटीच होते. रक्ताच्या पिशव्या ठेवायला कॅन्टीनमधला मोठा फ्रीज आदल्या रात्री रिकामा करून घ्यावा. आम्ही तसेच करत असू.

पिशवीवाला

मी गेली चौदा वर्षे रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे आणि आठवड्यातून किमान दोनदा कोणत्या ना कोणत्या कार्यालयात खाटा मांडतो. काकांच्या अनुभवाबद्दल आदर राखून सांगतो की, त्यांच्या तीनपैकी दोन सूचना थेट नुकसान करणाऱ्या आहेत. तिसरीबद्दल, म्हणजे उद्दिष्टाबद्दल, नंतर लिहितो.

उपाशीपोटी येण्याचा नियम साखर किंवा चरबी मोजण्याच्या तपासणीसाठी असतो. इथे आपण माणसाच्या शरीरातून ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त काढून घेत आहोत, आणि उपाशी किंवा तहानलेल्या माणसाला खाटेवरून उठताना चक्कर येण्याचा धोका अधिक असतो. त्यामुळे ते वाक्य खोडून त्याजागी असे लिहा की रक्तदानाआधीच्या चार तासांत जेवण किंवा नीट न्याहारी झालेली असावी, अगदी तोंडावर भरपेट जेवू नये, आणि येण्यापूर्वी दोन मोठे पेले पाणी प्यावे. रात्रपाळी करून न झोपता आलेल्यांना आम्ही परत पाठवतो. तेही सूचनेत आधीच लिहिले तर बिचाऱ्यांचा हेलपाटा वाचेल.

फ्रीजला तर हातही लावू नका. एका पिशवीतून आम्ही लाल पेशी, प्लाझ्मा आणि प्लेटलेट्स वेगळे करतो. त्यांतील लाल पेशी थंडीत टिकतात, परंतु प्लेटलेट्स थंडीत निकामी होतात, म्हणून ज्या रक्तापासून प्लेटलेट्स काढायच्या ते २० ते २४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून सहा ते आठ तासांच्या आत यंत्रावर पोहोचवावे लागते. पिशव्यांचे खोके आमचे असते आणि त्याचे तापमान आम्हीच सांभाळतो. एका ठिकाणी एका उत्साही शिपायाने चांगल्या हेतूने त्या खोक्यात बर्फाच्या लाद्या ठेवल्या होत्या. त्या दिवशी सकाळच्या पिशव्यांमधून प्लेटलेट्स काढता आल्या नाहीत.

शिबिराची बंद होण्याची वेळ आम्ही ताणू देत नाही याचे कारणही हेच आहे. पहिली पिशवी भरली की घड्याळ सुरू होते.

मृणालिनी

धन्यवाद. उपाशीपोटीचे वाक्य काढले. मग १० ते १ ही वेळ पुरेशी आहे का? ११० माणसे आणि ५ खाटा आहेत, म्हणजे एका खाटेवर २२ जण. रक्त काढायला दहा मिनिटेच लागतात असे ऐकले आहे.

पिशवीवाला

सुई शिरल्यापासून पिशवी भरेपर्यंत साधारण सहा ते दहा मिनिटे लागतात, हे खरे. पण खाट त्याहून जास्त वेळ अडलेली असते. हात स्वच्छ करणे, शीर शोधणे, नमुन्याच्या नळ्या भरणे, सुई काढल्यावर कापूस दाबून धरणे आणि चार-पाच मिनिटे आडवे राहणे, हे सगळे धरून मी प्रत्येक खाटेला २० मिनिटे मोजतो. म्हणजे एका खाटेवर तासाला तीन, ५ खाटांवर पंधरा, आणि तीन तासांत जास्तीत जास्त ४५.

खरी गोम मात्र खाटांच्या आधी आहे. प्रत्येकाने प्रश्नावली भरल्यावर डॉक्टर ती वाचतात, एकांतात काही प्रश्न विचारतात आणि रक्तदाब पाहतात. तिकडे बोटाला टोचून हिमोग्लोबिन मोजले जाते. डॉक्टरांना एका माणसामागे पाच मिनिटे लागतात असे धरले, तर एक डॉक्टर तासाला बारा जणांना पाहू शकतो, आणि त्यातलेही एक-दोन परत जातात. म्हणजे तुमच्या ५ खाटांपैकी एक-दीड खाट कायम रिकामी राहील आणि बाहेर रांग मात्र जिन्यापर्यंत जाईल. आयोजक रांग बघून आम्हाला आणखी खाटा मागतात. खाटा वाढवून इथे काहीच होत नाही, डॉक्टर वाढवावा लागतो. तुम्ही रक्तपेढीला आजच पत्र देऊन दुसरा डॉक्टर मागा.

दोन डॉक्टर मिळाले असे धरून हिशेब करू. नावे ११० आहेत. माझ्या अनुभवात नाव दिलेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश प्रत्यक्ष येतात, म्हणजे तुमच्याकडे ७० ते ७५. त्यांतले आठ-दहा तपासणीत थांबवले जातात. उरलेल्या साधारण ६५ जणांसाठी तासाला पंधरा या वेगाने साडेचार तास लागतील. सकाळी ९.३० ला पहिला माणूस आत घ्या, दुपारी १.३० ला शेवटचा गट बोलवा आणि २.३० ला खाटा घडी करा. अर्ध्या अर्ध्या तासाचे नऊ गट होतात, प्रत्येक गटात १२ नावे लिहा. बारांपैकी आठ येतील आणि सात खाटेवर जातील.

आम्ही पिशव्यांची पहिली खेप १२ वाजता गाडीने पाठवून देऊ. तेवढी गाडी फाटकावर न अडवता सोडण्याची सूचना सुरक्षारक्षकांना द्या. हे वाक्य कोणत्याच निमंत्रणात नसते आणि आमची गाडी दर वेळी अडते.

निशांत

मला एक शंका आहे. माझ्या वडिलांची पुढच्या आठवड्यात शस्त्रक्रिया आहे आणि रुग्णालयाने दोन रक्तदाते आणायला सांगितले आहेत. मी कार्यालयाच्या शिबिरात रक्त दिले तर ते त्यांच्या खात्यात धरले जाईल का? शिवाय मी रक्तदाबाची एक गोळी रोज घेतो. शिबिराच्या दिवशी ती घेतली नाही तर चालेल ना, म्हणजे तपासणीत काही निघायला नको?

पिशवीवाला

निशांत, हा धागा शिबिराच्या सूचनेचा आहे, तरी तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी उत्तर देतो, कारण तो फार धोक्याचा आहे. गोळी अजिबात चुकवू नका. गोळी न घेतल्याने तुमचा रक्तदाब वाढेल आणि रक्तदान झाले नाही तरी तुम्हाला त्रास होईल. गोळी घेऊन या, तिचे नाव प्रश्नावलीत लिहा आणि निर्णय डॉक्टरांवर सोडा. तो निर्णय मी इथे बसून देणार नाही. वडिलांच्या रक्ताबद्दल त्या रुग्णालयाच्या रक्तपेढीलाच विचारा, प्रत्येक पेढीची पद्धत वेगळी असते.

सावनी

मृणालिनीताई, तुमच्या मसुद्यातील शेवटच्या वाक्याबद्दल लिहायचे आहे. «रक्तदान न करता परतणाऱ्यांनी त्याचे कारण विभागप्रमुखास कळवावे» हे वाक्य वाचून मला तीन वर्षांपूर्वीचा दिवस आठवला.

तेव्हाच्या माझ्या कार्यालयात शिबिर होते. मी हौसेने गेले. डॉक्टरांनी चारचौघांपासून दूर बसवून नीट विचारपूस केली आणि त्या दिवशी रक्त घेता येणार नाही असे सांगितले. कारण अगदी साधे होते, पण माझे खाजगी होते. मी बाहेर आले तेव्हा आमचे विभागप्रमुख दाराशीच यादी घेऊन उभे होते. माझा अर्ध्या बाहीचा कोपर त्यांना दिसला, त्यावर पट्टी नव्हती. «का हो, घाबरलात?» असे त्यांनी सगळ्यांसमोर मोठ्याने विचारले. मी काहीच बोलू शकले नाही. नंतर आठवडाभर दोन सहकारी मला काही आजार आहे का, असे आडून आडून विचारत होते. त्यानंतर मी कोणत्याही शिबिरात गेलेले नाही.

दत्ताकाका

सावनीताई, ते गृहस्थ चुकलेच. पण एका माणसाच्या वागण्यावरून पद्धतच चुकीची ठरत नाही. यादी ठेवली नाही तर अर्धे लोक शिबिराच्या नावाखाली घरी जातील. माझी आणखी एक सूचना अशी होती की शिबिरातूनच सर्वांचे रक्तगट लिहून घ्यावेत आणि ओळखपत्रावर छापावेत, म्हणजे अपघाताच्या वेळी उपयोग होईल.

पिशवीवाला

आता उद्दिष्टाबद्दल लिहितो, कारण सावनीताईंनी नेमकी जागा दाखवली आहे.

रक्त सुरक्षित राहण्यासाठी दोन पहारे असतात. एक प्रयोगशाळेतील चाचण्यांचा आणि दुसरा प्रश्नावलीला दिलेल्या खऱ्या उत्तराचा. अगदी नुकत्याच झालेल्या संसर्गात काही दिवस असे असतात की रोगजंतू रक्तात असतो पण चाचणीत सापडत नाही. त्या दिवसांत रुग्णाला वाचवणारा एकच पहारा उरतो, तो म्हणजे दात्याने स्वतःहून मागे हटणे. ज्याचा विभागप्रमुख दहाच्या आकड्यावर सही करून दाराशी यादी घेऊन उभा आहे, त्या माणसाला मागे हटणे सोपे असते का? तो प्रश्नावलीत सगळीकडे «नाही» लिहून खाटेवर झोपतो. आम्हाला ते कळत नाही. मी असे चेहरे पाहिलेले आहेत, पण चेहऱ्यावरून पिशवी बाजूला काढता येत नाही.

म्हणून मी आयोजकांना तीन गोष्टी मागतो. पहिली, विभागवार आकडा आणि कारण विचारणारे वाक्य दोन्ही काढावीत. दुसरी, तपासणीत थांबवलेला माणूस आणि रक्त दिलेला माणूस एकाच दाराने, एकाच अल्पोपाहाराच्या खोलीतून बाहेर पडावेत आणि दोघांना एकच कार्ड मिळावे. तिसरी, सूचनेत असे एक वाक्य असावे की रक्त दिल्यानंतरही, कोणतेही कारण न सांगता, «माझी पिशवी वापरू नका» असे रक्तपेढीला फोनवर कळवता येते. आमच्या पेढीत कार्डावर पिशवीचा क्रमांक आणि तेवढ्यासाठीचा फोन क्रमांक छापलेला असतो. तुमच्या रक्तपेढीकडे तशी सोय आहे का, ते विचारून घ्या.

रक्तगटाबद्दल काकांचा हेतू चांगला आहे. पण रक्तगट आणि चाचणीचा अहवाल दात्याचा असतो. रक्तपेढी तो दात्यालाच देईल, कार्यालयाला यादी म्हणून देणार नाही. ज्याला ओळखपत्रावर रक्तगट हवा आहे त्याने स्वतःचे कार्ड प्रशासन विभागात दाखवावे. आणि अपघाताच्या वेळी रुग्णालय ओळखपत्र वाचून रक्त चढवत नाही, ते गट तपासतेच.

गिरीश_सुरक्षा

मी एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. कार्यालयातील मंडळींच्या लक्षात न येणारी एक गोष्ट सांगतो. मृणालिनीताई, तुमच्या आस्थापनेत फक्त टेबलावर बसणारे लोक आहेत, की वाहनचालक, विजेचे काम करणारे, शिडीवर चढणारेही आहेत?

आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी एका तरुण कामगाराने सकाळी १० वाजता रक्त दिले, खाली बसून चहा घेतला, हसत उठला आणि यंत्रावर गेला. साधारण पाऊण तासाने तो उभ्या उभ्या खाली कोसळला. दैवयोगाने तो मागे पडला. पुढे पडला असता तर फिरत्या भागावर पडला असता. तोवर माझी समजूत अशी होती की चक्कर यायची तर खाटेवरच येते.

पिशवीवाला

गिरीश, अगदी बरोबर. बहुतेक चक्कर खाटेवर किंवा अल्पोपाहाराच्या खुर्चीत येते आणि तिथे आम्ही असतो. उशिरा येणारी चक्कर संख्येने कमी, पण घातक असते, कारण ती जिन्यात, रस्त्यावर किंवा यंत्रापाशी येते. वय कमी, वजन कमी आणि पहिलीच वेळ असे तिन्ही जुळले की धोका वाढतो. माणूस आधी गप्प होतो, कपाळावर घाम येतो, चेहरा पांढुरका पडतो, जांभया येतात. हे दिसताच त्याला त्याच जागी आडवे करून पाय उंच करायचे. खुर्चीत बसवून ठेवायचे नाही आणि «चला, मोकळ्या हवेत जाऊ» म्हणून उभे तर मुळीच करायचे नाही.

चालक, उंचीवर काम करणारे आणि अंगमेहनतीचे काम करणारे यांनी पुढच्या पाळीपूर्वी किमान २४ तास हातात राहतील अशा बेताने रक्त द्यावे. म्हणजे त्यांना पाळी संपल्यावरचा आणि साप्ताहिक सुट्टीच्या आधीचा गट द्या. आणि ताई, सभागृह तिसऱ्या मजल्यावर आहे. उद्वाहन आहे का, आणि त्यात स्ट्रेचर मावते का? नसेल तर तळमजला पाहा.

मृणालिनी

उद्वाहन आहे पण अरुंद आहे, स्ट्रेचर मावणार नाही. तळमजल्यावरील प्रशिक्षण कक्ष मिळेल. तिथे वातानुकूलन आहे, शेजारीच स्वच्छतागृह आहे आणि लागून एक छोटी खोली आहे, ती डॉक्टरांसाठी ठेवते. आमच्याकडे ९ वाहनचालक आणि ४ वीजतंत्री आहेत. शिबिर आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी ठेवता येईल, त्यांना दुसऱ्या दिवशी सुट्टी असते.

अर्ध्या दिवसाच्या सवलतीचे मात्र काय करावे हे कळत नाही. ती व्यवस्थापनाने आधीच जाहीर केली आहे.

सावनी

सवलत नोंदणी करणाऱ्या प्रत्येकाला द्यावी, रक्त दिले असो वा नसो. नाहीतर सवलतीच्या नोंदीवरूनच कोण परत गेले ते सगळ्यांना कळेल.

दत्ताकाका

मग सगळे कार्यालय नोंदणी करून घरी जाईल. माणसांचा स्वभाव मी ओळखून आहे.

पिशवीवाला

इथे दोघांचेही थोडे खरे आहे. स्वेच्छा रक्तदानाच्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत रोख रकमेबरोबरच, रक्तदानाला आणि जाण्यायेण्याला वाजवी लागेल त्याहून अधिक सुट्टी हीही पैशाच्या जागी दिलेली गोष्ट धरली आहे. छोटी भेटवस्तू, अल्पोपाहार आणि प्रवासखर्च चालतो. त्या हिशेबाने अर्धा दिवस जास्त होतो, आणि त्याच्या लोभाने एखादा माहिती लपवतो ही भीती मला प्रत्यक्ष वाटते. माझे मत विचाराल तर नोंदणीपासून दोन तास «कामावर उपस्थित» धरावेत, आणि तेही सर्वांना. परंतु चालकांसारख्यांना विश्रांतीसाठी रजा देणे हा सुरक्षेचा भाग आहे, तो बक्षिसात मोजू नये. व्यवस्थापन ऐकेल का, ते तुम्हीच जाणा.

मृणालिनी

व्यवस्थापनाने विभागवार उद्दिष्ट काढण्यास होकार दिला, दुसरा डॉक्टर मिळाला, पण जाहीर केलेली अर्ध्या दिवसाची सवलत मागे घेण्यास नकार दिला. ती नोंदणी केलेल्या सर्वांना देण्यावर तडजोड झाली. फोनची सोय आमच्या रक्तपेढीकडेही आहे. पात्रतेचे आकडे तिने दिलेल्या पत्रकातून घेतले आहेत. आज लावलेली सूचना अशी :

«आपल्या कार्यालयात शुक्रवारी सकाळी ९.३० ते दुपारी २.३० या वेळेत तळमजल्यावरील प्रशिक्षण कक्षात रक्तदान शिबिर होणार असून, ज्यांची इच्छा व प्रकृती अनुकूल असेल अशा सर्वांना सहभागी होण्याचे निमंत्रण आहे. सहभाग पूर्णपणे ऐच्छिक आहे. येणे, न येणे किंवा तपासणीनंतर परतणे याचे कारण कोणीही विचारणार नाही व कोणासही सांगावे लागणार नाही.

वय १८ ते ६५ वर्षांच्या दरम्यान, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम असल्यास रक्त देता येते. प्रथमच रक्त देणाऱ्यांचे वय ६० पेक्षा अधिक नसावे. मागील रक्तदानानंतर पुरुषांना ९० व महिलांना १२० दिवस पूर्ण झालेले असावेत. अंतिम निर्णय शिबिरातील डॉक्टरांचा राहील. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, चार तासांच्या आत काही खाल्लेले असावे व येण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यावे. नियमित औषधे बंद करू नयेत, त्यांची नावे सोबत आणावीत. बाही कोपराच्या वर सहज सरकेल असे कपडे घालावेत.

आपल्याला दिलेल्या अर्ध्या तासाच्या गटातच यावे. आपली वेळ आपल्याला स्वतंत्रपणे कळविण्यात येईल, नावांची यादी फलकावर लावली जाणार नाही. चालक व वीजतंत्री यांनी पाळी संपवून दुपारी १ किंवा १.३० च्या गटात यावे. त्यांना त्यानंतर २४ तास काम दिले जाणार नाही. रक्तदानानंतर किमान १५ मिनिटे शेजारील खोलीत बसावे व जिन्याऐवजी उद्वाहन वापरावे. नंतर आपली पिशवी वापरली जाऊ नये असे वाटल्यास, कारण न देता, कार्डावरील क्रमांकावर रक्तपेढीला कळवता येईल. रक्तगट व तपासणीचे अहवाल थेट रक्तदात्यास मिळतील, कार्यालयास मिळणार नाहीत.»

गिरीश_सुरक्षा

उत्तम. फक्त दुचाकीने घरी जाणाऱ्यांना अर्धा तास थांबायला सांगा. अर्ध्या दिवसाची सवलत मिळाली की माणूस थेट गाडीला किल्ली लावतो.

मृणालिनी (शिबिरानंतर)

शिबिर काल पार पडले. ७१ जण आले, ११ जण तपासणीत थांबवले गेले आणि ६० पिशव्या जमा झाल्या. पहिली गाडी १२.१० ला फाटकातून न अडता गेली. सकाळी सगळे ठरल्याप्रमाणे चालले होते, पण ११.३० वाजता लेखा विभागाची बैठक संपली आणि त्यांचे चौदा जण आपापले गट सोडून एकत्रच आले. त्यामुळे तासभर रांग लागली आणि तिघे कंटाळून निघून गेले. सूचनेत वेळ लिहिली म्हणून लोक ती पाळतातच असे नाही. दारावर वेळ पाहणारा माणूस हवा होता.

एका मुलीला खुर्चीत बसल्यावर जांभया येऊ लागल्या. अल्पोपाहाराच्या खोलीतील स्वयंसेवकाने ते लगेच ओळखून तिला तिथेच सतरंजीवर झोपवले, पाच मिनिटांत ती सावरली. तो स्वयंसेवक म्हणजे आमचे एक चालक होते, हा धागा त्यांनी वाचला होता.

एक चूक मात्र माझीच झाली. कार्ड सर्वांना एकसारखे दिले, पण स्मृतिचिन्हे ६५ च मागवली होती, म्हणून खोलीतल्या दुसऱ्या स्वयंसेवकाने आपल्या मनानेच पट्टी पाहून ती वाटली. सावनी, तुमचा प्रसंग आठवून मला वाईट वाटले. तीन जणांच्या लक्षात ते आले.

व्यवस्थापन खूश आहे आणि पुढचे शिबिर बरोबर तीन महिन्यांनी घ्या असे म्हणत आहे.

पिशवीवाला

तीन महिन्यांनी घेतले तर काल रक्त दिलेल्या सर्व महिला बाहेर राहतील, कारण त्यांचे १२० दिवस भरलेले नसतील, आणि सूचना फलकावर लागल्यावर त्या «का येत नाही» हा प्रश्न पुन्हा सुरू होईल. चार महिने पूर्ण झाल्यानंतरची तारीख घ्या. आणि स्मृतिचिन्हे यादीतल्या नावांइतकी मागवा किंवा मागवूच नका.

दत्ताकाका

मागवूच नका. त्या कपांवर कोणी चहा पीत नाही, माझ्याकडे कपाटात नऊ पडले आहेत. पण अर्ध्या दिवसाचे काय झाले? किती जणांनी नुसती नोंदणी केली?

मृणालिनी

काका, ७१ जणांनी नोंदणी केली आणि ७१ जण डॉक्टरांपर्यंत गेले, फक्त नोंदणी करून निघून गेलेले कोणी नाही. रांगेतून गेलेल्या तिघांनी नोंदणीच केली नव्हती. मात्र आपण थांबवले जाणार हे माहीत असूनही त्या ११ जणांपैकी किती जण सवलतीसाठी आले, ते मला कळणार नाही आणि मी विचारणारही नाही. पुढच्या वेळी दोन तासांचा प्रस्ताव पुन्हा ठेवणार आहे.